पाचपाखाडीतला फेरविक्रीचा फ्लॅट: जाहिरातीआधीची फाइल (प्रकल्प नोंदी)

४ ऑगस्ट २०२५

काम आजपासून हाती. ठाणे पश्चिम, पाचपाखाडी. तळ अधिक सात मजल्यांची इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, क्रमांक ३०२. मालक पती-पत्नी, करार दोघांच्या नावे. त्यांनी २०११ मध्ये हा फ्लॅट दुसऱ्या मालकाकडून घेतला, दुसऱ्याने २००३ मध्ये पहिल्याकडून आणि पहिल्याने १९९४ मध्ये बिल्डरकडून. म्हणजे साखळीत तीन करार आहेत.

जाहिरात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकायची आहे. ८ सप्टेंबरपासून पितृपक्ष. त्या काळात लोक फ्लॅट बघून जातात, पण टोकन द्यायला घटस्थापनेपर्यंत, म्हणजे २२ तारखेपर्यंत थांबतात. हे दोन आठवडे खरेदीदाराच्या वकिलाला कागद वाचायला मिळावेत, असा हिशेब आहे.

फाइल कशी लावायची हे आधी ठरवलं. खरेदीदार विचारतो ते बहुतेक प्रश्न त्याचे स्वतःचे नसतात. त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा पॅनेलवरचा वकील ते काढतो आणि खरेदीदार पुढे पाठवतो. म्हणून फाइल त्या वकिलाच्या वाचनक्रमाने लावायची. आधी बिल्डरचा करार, मग त्यापुढचा, मग सध्याचा. प्रत्येक कराराच्या पाठोपाठ त्याची नोंदणी पावती, त्याची सूची क्रमांक २ (सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात) आणि मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा. सोसायटी, बँक, महापालिका यांचे कागद त्यानंतर. बहुतेक विक्रेते सगळे कागद तारखेचा विचार न करता एकाच पिशवीत घालून आणतात. मग कोणती कडी गहाळ आहे हे कोणालाच दिसत नाही, ते थेट कर्ज मंजुरीच्या वेळी कळतं.

मालकांकडून पिशवी घेतली आणि जेवणाच्या टेबलावर तीन ढीग केले: १९९४, २००३, २०११. २०११ चा ढीग पूर्ण. २००३ चा पूर्ण. १९९४ च्या ढिगात फक्त झेरॉक्स, तीही अपुरी.

५ ऑगस्ट

१९९४ च्या झेरॉक्सची पानं मोजली. पहिल्या पानावर कोपऱ्यातल्या शिक्क्यात एकूण पानांचा आकडा २८ आहे, हातात २६ आली. शेवटची दोन पानं नाहीत. नेमक्या त्या पानांवर दस्त नोंदल्याचा शेरा आणि निबंधकाची सही असते. त्यामुळे ही झेरॉक्स बघून करार झाला एवढंच सांगता येतं. तो नोंदला गेला का, ते सांगता येत नाही. मोफा, म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यानुसार बिल्डरने करार नोंदवायलाच हवा होता, तरी त्या काळातले काही करार मुद्रांक भरून नुसतेच ठेवलेले आढळतात. हा त्यातला नाही ना, हे पहिल्यांदा बघायला हवं.

मूळ प्रत कुठे हरवली असेल, याचा माग नंतरच्या करारांतच असतो. प्रत्येक विक्री करारात विक्रेत्याने कोणते कागद सुपूर्द केले त्याचं एक कलम असतं. २००३ च्या करारात ते अकरावं कलम आहे. तिथे स्वच्छ लिहिलंय: "दिनांक … मार्च १९९४ चा मूळ करारनामा लिहून घेणार यांचे ताब्यात दिला." २०११ च्या करारात याच जागी "१९९४ चे करारनाम्याची छायाप्रत" एवढंच आहे. म्हणजे मूळ करार २००३ मध्ये दुसऱ्या मालकाकडे पोचला आणि २०११ मध्ये त्यांच्याकडून पुढे आला नाही. मधल्या आठ वर्षांत तो कुठेतरी राहिला.

आता खरी काळजी अशी. दुसऱ्या मालकाने २००३ मध्ये कर्ज काढलं असेल, तर मूळ करार तारण म्हणून एखाद्या बँकेत पडून असू शकतो. कागद हरवला असेल तर त्यावर उपाय आहेत. पण तो बँकेत तारण असेल, तर फ्लॅटवर दुसऱ्याचा बोजा आहे. खरेदीदाराचा वकील मूळ कागदासाठी एवढा का अडून बसतो, त्याचं कारण हेच. नुसतं "हरवलाय हो" म्हणून त्याचं समाधान होत नाही आणि होऊही नये.

६ ऑगस्ट

१९९४ च्या दस्ताचा शोध सुरू. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा मोफत शोध इथे उपयोगी नाही, कारण मुंबईबाहेरचे दस्त त्यात २००२ पासूनचे मिळतात. २००३ आणि २०११ चे इंडेक्स टू मात्र तिथून ताजे काढून घेतले. दोन्ही करारांशी पडताळले: नावं, मजला, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, मोबदला. २००३ च्या इंडेक्समध्ये मजला "तिसरा" आहे, करारातही तिसरा. किरकोळ वाटलं तरी मजला आणि फ्लॅट क्रमांक प्रत्येक वेळी बघावाच. त्या चुकीला चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो आणि त्यावर जुन्या विक्रेत्यानेही सही करायची असते. तो सापडेपर्यंत महिने जातात.

१९९४ साठी दुय्यम निबंधक कार्यालयात हस्तलिखित सूचीतून शोध घ्यावा लागणार. शोध घेणाऱ्या वकिलाला दोन्ही वाटांनी बघायला सांगितलं. सूची क्रमांक १ पक्षकारांच्या नावाने असते आणि सूची क्रमांक २ मिळकतीच्या वर्णनाने. नुसत्या दस्त क्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही, कारण झेरॉक्सवरच्या शिक्क्यात तिसरा आकडा १ आहे की ७, ते समजत नाही. नावाने शोधताना पहिल्या मालकाच्या आडनावाची दोन्ही स्पेलिंगं दिली.

८ ऑगस्ट

दस्त सापडला. आकडा ७ होता. १९९४ मध्येच रीतसर नोंदला गेलेला आहे. प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला, शुल्क राज्य सरकारच्या ग्रास या ऑनलाइन चलनाने भरलं. जुना दस्त रेकॉर्ड रूममधून काढावा लागतो, त्यामुळे आठ-दहा कामाचे दिवस धरले. मध्ये १५, १६, १७ अशा सलग तीन सुट्ट्या आहेत: स्वातंत्र्यदिन, दहीहंडी आणि रविवार.

ज्यांच्याकडे झेरॉक्सही नाही त्यांनी कुठून सुरुवात करायची, तेही इथे लिहून ठेवतो. पुढच्या विक्री कराराच्या सुरुवातीच्या "ज्याअर्थी" परिच्छेदांत आधीच्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख बहुतेक वेळा दिलेली असते. तिथे नसेल तर सोसायटीच्या जुन्या फाइलमध्ये सभासदत्वाच्या अर्जाला कराराची प्रत जोडलेली सापडते.

११ ऑगस्ट

दुसऱ्या मालकांशी संपर्क झाला. वय झालंय, मुलाकडे पुण्याला असतात. मुलाला थेट विचारलं, "दादा, २००३ ला बाबांनी कर्ज घेतलं होतं का?" घेतलं होतं, एका सहकारी बँकेकडून, २००८ मध्ये फिटलं. त्याला दोन कागद शोधायला सांगितले: कर्ज फिटल्याचं पत्र आणि त्यावेळी बँकेने परत केलेल्या कागदांची यादी.

संध्याकाळी त्याने दोन्हींचे फोटो पाठवले. यादीत चौथी ओळ: "मूळ करारनामा १९९४ – १ नग", शेजारी बाबांची पोच सही, २००८. म्हणजे मूळ करार बँकेतून सुटून घरी आला होता आणि २००८ ते २०११ या काळात घर बदलताना हरवला. आता बोजाची शंका उरली नाही. या यादीने जे काम केलं ते पुढच्या कुठल्याही प्रतिज्ञापत्राने झालं नसतं. ज्याने कधी कर्ज फेडलंय त्याने ती यादी फ्लॅट विकला तरी टाकू नये. पुढच्या मालकाला तिची गरज पडते.

दुसऱ्या मालकांनी पुण्यात नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून द्यायचं कबूल केलं. मजकूर इथून पाठवला. त्यात तीन गोष्टी आहेत: मूळ करार त्यांच्या ताब्यात असताना हरवला, तो कोणाकडेही गहाण किंवा तारण ठेवलेला नाही, आणि सापडल्यास सध्याच्या मालकांना परत केला जाईल. हरवला त्यांच्याकडून, म्हणून प्रतिज्ञापत्र त्यांचंच हवं. सध्याच्या मालकांनी "माझ्याकडून हरवला" असं लिहून देणं सोपं पडतं, पण २०११ च्या करारातल्या "छायाप्रत" या शब्दाशी ते जुळत नाही आणि वकील ते लगेच पकडतो.

१३ ऑगस्ट

मूळ करार हरवल्याची नोंद पोलिसांकडे केली, प्रत घेतली. नोंदीत दस्त क्रमांक, वर्ष, फ्लॅट क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावं आहेत. नुसतं "फ्लॅटचे कागद हरवले" असं लिहिलेली नोंद पुढे कोणी धरत नाही.

जाहीर सूचनेचा मजकूर वकिलांनी तयार केला. एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक, दोन्ही ठाण्यात खपणारी. हरकतीसाठी १४ दिवस. सूचना १९ तारखेला छापून येईल, मुदत २ सप्टेंबरला संपेल. साखळी जोडण्याच्या कामात हे चौदा दिवस कुणालाच कमी करता येत नाहीत. टोकन घेतल्यावर ही सूचना द्यायची वेळ आली की खरेदीदाराचं कर्ज तेवढे दिवस लटकतं आणि त्याचा धीर सुटतो. जाहिरातीआधीच सुरुवात करायची ती यासाठीच.

१४ ऑगस्ट

सोसायटीचे कागद. भाग प्रमाणपत्र हातात घेतलं. प्रत्येकी ५० रुपयांचे पाच भाग, क्रमांक ५६ ते ६०, एकूण २५० रुपये. समोरच्या बाजूला पहिल्या मालकाचं नाव, १९९८ ची तारीख, तिघा पदाधिकाऱ्यांच्या सह्या, सोसायटीचा शिक्का. इथपर्यंत ठीक.

पाठीमागे हस्तांतरणाचा तक्ता. पहिली ओळ २००४ ची, दुसऱ्या मालकाच्या नावे, सह्यांसकट. दुसरी ओळ २०११ ची. तिथे फक्त पतीचं नाव आहे. करार दोघांचा, इंडेक्स टूवर दोघांची नावं, आणि प्रमाणपत्रावर एकटेच. त्या वेळी अर्ज एकाने भरला आणि दुसरं नाव लिहायचं राहून गेलं, एवढंच घडलं असणार. पण खरेदीदाराच्या बाजूने हे वेगळं दिसतं. पत्नीचा हिस्सा सोडून दिलाय का? त्यांची सही लागेल की नाही? सोसायटी ना हरकत पत्र कोणाच्या नावे देणार?

सेक्रेटरींना भेटून समजावलं. म्हणाले, "अहो, सगळ्यांना माहितीये दोघांचं आहे. आत्ता गणपतीच्या गडबडीत कुठे मीटिंग लावता?" त्यांचंही बरोबर आहे, २७ तारखेला गणपती बसणार. पण कार्यकारिणीची महिन्याची बैठक १७ ला ठरलेलीच होती, विषय त्यातच घ्यायचं मान्य झालं. पत्नीचा सभासदत्वाचा अर्ज, २०११ च्या कराराची प्रत आणि इंडेक्स टू लगेच दिलं. बैठकीत ठराव, मग सभासद नोंदवहीत नाव, मग प्रमाणपत्राच्या पाठीमागे नवी ओळ. हा क्रम पाळायला हवा. आधी ओळ लिहून ठराव नंतर केला तर तारखा उलट्या पडतात.

१८ ऑगस्ट

ठराव झाला. प्रमाणपत्रावर तिसरी ओळ आली, दोघांची नावं, ठरावाचा क्रमांक आणि तारीख.

त्याच भेटीत सोसायटीकडून आणखी प्रती घेतल्या: नोंदणी प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन सोसायटीच्या नावे करणारा सरकारी आदेश, आणि मिळकत पत्रिका, म्हणजे जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, नीट वाचलं. दोन आहेत. १९९५ चं तळ अधिक चार मजल्यांचं, १९९६ चं पाच ते सात मजल्यांचं. आपला तिसरा मजला पहिल्यात येतो, म्हणून फाइलमध्ये पहिलं वर ठेवलं. "ओसी आहे" एवढं सांगून भागत नाही, ती आपल्या मजल्याची आहे का ते ओळीवर बोट ठेवून बघावं. जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांची ओसी राहून गेलेली असते आणि एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटना वेगवेगळं उत्तर मिळतं.

आणखी एक. १९९५ पासून मोजलं तर इमारतीला यंदा तीस वर्षं झाली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. सोसायटीचं शेवटचं परीक्षण २०२२ चं आहे, नव्याचं कोटेशन मागवलंय. २०२२ च्या अहवालाची प्रत आणि त्यानंतर झालेल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल फाइलमध्ये घातलं. जुन्या इमारतीवर कर्ज देताना बँक उरलेलं आयुष्य बघते, तेव्हा हा कागद मागितला जाणारच. पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आलाय का, तेही सेक्रेटरींकडून लेखी घेतलं. आलेला नाही.

हस्तांतरणाच्या रकमेबद्दल विक्रेत्यांना कल्पना दिली. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. त्यावर "देणगी" मागितली जाते, तिला आधार नाही. हा खर्च कोण करणार ते जाहिरातीच्या वेळीच ठरवून ठेवायचं, म्हणजे शेवटच्या दिवशी घासाघीस होत नाही.

२० ऑगस्ट

१९९४ ची प्रमाणित नक्कल मिळाली. पानं २८, पूर्ण. शेवटच्या दोन पानांवर नोंदणीचा शेरा आणि शिक्का आहे. सोबत जोडलेला मजल्याचा नकाशाही आला, तो झेरॉक्समध्ये इतका काळा झाला होता की काही दिसत नव्हतं.

नकाशा आणि प्रत्यक्ष फ्लॅट समोरासमोर धरले. नकाशात हॉलला लागून बाल्कनी आहे, प्रत्यक्षात ती हॉलमध्ये घेतलीये. ठाण्यातल्या त्या काळच्या इमारतींत हे घरोघरी सापडतं. तरी बँकेचा मूल्यांकन करणारा नकाशा घेऊनच येतो आणि अहवालात तसं लिहितो. म्हणून माहितीच्या पानावर ते आधीच नमूद केलं: "बाल्कनी हॉलमध्ये समाविष्ट, मंजूर नकाशात स्वतंत्र." पुढे सापडण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

२१ ऑगस्ट

क्षेत्रफळाचा घोळ मिटवला. तिन्ही करारांत ६५५ चौरस फूट बिल्टअप आहे, २००३ च्या इंडेक्समध्ये ६०.८५ चौरस मीटर. आकडे जुळतात, कारण एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात. पण आजचा खरेदीदार कार्पेट विचारतो आणि तो शब्द कुठल्याच करारात नाही. बिल्टअपला १.२ ने भागायची रूढ पद्धत आहे, तिने ५४६ येतात. तेवढ्यावर न थांबता फ्लॅट टेपने मोजला, भिंतीच्या आतल्या बाजूने:

हॉल १६ बाय साडेदहा, १६८. मोठी बेडरूम १२ बाय १०, १२०. दुसरी ११ बाय १०, ११०. स्वयंपाकघर ९ बाय ८, ७२. बाथरूम ७ बाय ४, २८. संडास ४ बाय साडेतीन, १४. पॅसेज ९ बाय ३, २७. बेरीज ५३९.

हॉलच्या मापात बाल्कनी आलेली आहे, हेही लिहिलं. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि बाल्कनी वगळतात, त्यामुळे ५३९ ला "रेरा कार्पेट" म्हणणं चूक ठरेल. माहितीच्या पानावर तीन ओळी घातल्या: करारातील बिल्टअप ६५५, प्रत्यक्ष आतलं माप ५३९ (बंद केलेली बाल्कनी धरून), खोलीवार मापं सोबत. दराची घासाघीस जवळजवळ नेहमी याच आकड्यावर होते. एक आकडा जाहिरातीत आणि दुसरा करारात निघाला की माणूस बाकीच्या कागदांवरही संशय घेतो.

पार्किंगही याच पानावर. २०११ च्या करारात "खुले पार्किंग क्र. ७ सह" असे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोफाच्या संदर्भात स्पष्ट केलंय की मोकळी किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीच्या सामाईक जागेत मोडते. म्हणून जाहिरातीत "पार्किंगसह" असं लिहिणार नाही. सोसायटीचं वाटपपत्र आहे, ते जोडलं आणि "सध्या सोसायटीकडून एक जागा वाटप, पुढील वाटप सोसायटीच्या नियमानुसार" असं लिहिलं.

२५ ऑगस्ट

सध्याच्या मालकांच्या कर्जाचे कागद. २०११ चं गृहकर्ज २०२२ मध्ये फिटलं, मूळ कागद परत आले, कर्ज नसल्याचं पत्र आहे. वरवर सगळं नीट.

पण ६ तारखेला ऑनलाइन शोध घेताना याच फ्लॅटवर २०१६ ची एक नोंद दिसली होती: तारणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना महाराष्ट्रात २०१३ पासून निबंधकाकडे द्यावी लागते. २०११ चं कर्ज त्याआधीचं, म्हणून त्याची नोंद नाही. २०१६ चं काय? विचारल्यावर कळलं की त्या वर्षी घर रंगवायला आणि स्वयंपाकघर बदलायला त्याच बँकेकडून टॉप-अप घेतलं होतं. तेही २०२२ मध्येच फिटलं. बँकेच्या पत्रात मात्र फक्त मूळ कर्जाचा खाते क्रमांक आहे, टॉप-अपचा नाही.

खरेदीदाराचा वकील हाच शोध घेणार, त्याला २०१६ ची नोंद दिसणार, आणि हातातल्या पत्रात त्याचं उत्तर नसणार. शाखेत दोन्ही खात्यांच्या शेवटच्या उताऱ्यांसह अर्ज दिला. दोन्ही खाते क्रमांक, दोन्ही बंद झाल्याच्या तारखा आणि "सदर मिळकतीवर बँकेचा कोणताही बोजा नाही" असं वाक्य असलेलं सुधारित पत्र मागितलं. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतून बोजा काढल्याची खात्रीही बँकेकडूनच घेतली.

ज्यांचं कर्ज अजून चालू आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी बँकेकडून तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी आणि कर्ज बंद करायला लागणाऱ्या रकमेचं पत्र घ्यावं. यादीवर "मूळ" आणि "छायाप्रत" हे शब्द ओळीओळीने तपासावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

१ सप्टेंबर

सुधारित पत्र आलं. गणपतीतही शाखेने आठवड्यात काम केलं.

किरकोळ कागद आज एकत्र केले. महापालिकेच्या मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती, नाव दोघांचं. महावितरणचं शेवटचं बिल. गॅसचं बिल. सोसायटीच्या देखभालीची पावती सप्टेंबरअखेरच्या तिमाहीपर्यंतची. दोघांचे पॅन, आधारशी जोडलेले असल्याची खात्री करून. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने खरेदीदार १ टक्का कर कापून भरणार. विक्रेते दोन, त्यामुळे प्रत्येकाच्या नावे वेगळा भरायचा. पॅन जोडलेला नसेल तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते.

पत्नीचं नाव करारात लग्नानंतरचं पूर्ण, पॅनवर वडिलांचं मधलं नाव. "एकच व्यक्ती" असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं.

३ सप्टेंबर

जाहीर सूचनेची मुदत काल संपली. एकही हरकत आली नाही, तसं वकिलांचं प्रमाणपत्र मिळालं. १९९४ च्या कडीखाली आता पाच कागद आहेत: प्रमाणित नक्कल, सहकारी बँकेचं २००८ चं पत्र यादीसह, दुसऱ्या मालकांचं प्रतिज्ञापत्र, पोलिसांकडची नोंद, आणि दोन्ही दैनिकांची कात्रणं या प्रमाणपत्रासोबत. वर एक पान, सहा ओळींचं: मूळ करार कधी, कोणाकडे, कसा हरवला आणि कोणता कागद काय सिद्ध करतो. वकिलाने ते पान वाचलं की उरलेले पाच तो फक्त तपासतो.

एक मर्यादा मालकांना स्पष्ट सांगितली. काही बँका या संचावर कर्ज देतात, काही मूळ कराराशिवाय देतच नाहीत. हे आपल्या हातात नाही. म्हणून माहितीच्या पानावर ही गोष्ट पहिल्या भेटीतच दिसेल अशी ठेवली, खरेदीदाराने आपल्या बँकेला आधी विचारावं यासाठी.

४ सप्टेंबर

सगळं स्कॅन केलं, रंगीत, ३०० डीपीआय, प्रत्येक कराराची एक फाइल. पानांच्या पाठीमागचे शिक्केही घेतले. फाइल्सना नाव देताना आधी क्रमांक, मग वर्ष, मग कागद.

काय कधी द्यायचं ते ठरलं. चौकशी करणाऱ्याला फक्त माहितीचं पान आणि मापं. फ्लॅट बघून रस दाखवणाऱ्याला तिन्ही इंडेक्स टू, ओसी आणि भाग प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू. टोकन दिल्यावर पूर्ण संच, प्रत्येक पानावर खरेदीदाराचं नाव आणि तारीख तिरप्या अक्षरांत. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेले. मूळ कागद नोंदणीच्या दिवसापर्यंत कोणाच्याही हाती द्यायचे नाहीत. वकिलाला बघायचे असतील तर मालकांच्या समोर, टेबलावर.

जाहिरात आज दुपारी टाकली.

१० सप्टेंबर

दोघांनी फ्लॅट बघितला, त्यातल्या एकाच्या वकिलाचे चार प्रश्न आले. १९९४ चा मूळ करार कुठे आहे? २०१६ ची सूचना कशाची? पत्नीचं नाव प्रमाणपत्रावर २०२५ मध्ये का चढलं? परीक्षण अहवाल आहे का? पहिल्या दोहोंना त्या त्या कडीचं पान पाठवलं, तिसऱ्याला ठरावाची प्रत, चौथ्याला २०२२ चा अहवाल. सकाळी अकराला प्रश्न आले, साडेअकराला उत्तरं गेली.

त्यांनी पाचवा विचारला, जो फाइलमध्ये नव्हता: करारांत सर्व्हे नंबर आहे, मिळकत पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर, दोन्ही एकच जमीन कशावरून? मानीव अभिहस्तांतरणाच्या आदेशातल्या परिशिष्टात दोन्ही नंबर शेजारी शेजारी आहेत. ते पान काढून पाठवलं आणि फाइलमध्ये मिळकत पत्रिकेच्या लगेच मागे लावलं.

१ ऑक्टोबरनंतर देखभालीची नवी पावती आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र ताज्या तारखेचं घ्यायचं आहे. सेक्रेटरींना तसं सांगून ठेवलं.